आखूड शिश्नबंध: फाटणे, रक्तस्राव आणि छोट्या शस्त्रक्रियेची वेळ

पुरुषाच्या शिश्नाचे टोक, म्हणजे शिश्नमुंड, ज्या सैल कातडीने झाकलेले असते तिला अग्रत्वचा म्हणतात. ही अग्रत्वचा शिश्नमुंडाच्या खालच्या बाजूस, मूत्रद्वाराच्या थोडे मागे, कातडीच्या एका अरुंद उभ्या घडीने जोडलेली असते. वैद्यकात तिला फ्रेन्युलम म्हणतात आणि या पुस्तकात तिच्यासाठी 'शिश्नबंध' किंवा नुसता 'बंध' हा शब्द वापरला आहे. जिभेखालचा ताणला जाणारा पातळ पडदा हा त्याच जातीचा अवयव असून, दोन्ही ठिकाणी त्याचे काम हलत्या भागाला मर्यादेत धरून ठेवण्याचे आहे. अग्रत्वचा मागे सरकली की बंध ताणला जातो, ती पुढे आली की तो सैल पडतो, आणि त्याची लांबी पुरेशी असेल तर आयुष्यभर त्याचे अस्तित्व वेगळे जाणवतही नाही. ज्या पुरुषांत तो जन्मतःच आखूड असतो, किंवा जुन्या जखमेच्या वणामुळे आखूड आणि ताठर झालेला असतो, त्यांना त्याची जाणीव बहुधा एका विशिष्ट प्रसंगी होते: संभोगाच्या वेळी तो फाटतो, आग होते, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त रक्त येते.

बंध आखूड आहे हे मोजपट्टीने ठरत नाही, कारण किती मिलिमीटर म्हणजे आखूड याचे सर्वमान्य माप नाही. ते ताणावरून ठरते. अग्रत्वचा हळूहळू पूर्ण मागे घेतली असता शिश्नमुंड खालच्या बाजूस धनुष्यासारखे वाकत असेल, बंधाची दोरी पांढुरकी पडून ताठ उभी राहत असेल आणि तिथे दुखत असेल, तर तो बंध त्या शरीराच्या हालचालीला अपुरा आहे असे समजले जाते. शिथिल अवस्थेत सगळे ठीक दिसून ताठरतेच्या वेळीच हा ताण येतो असेही पुष्कळदा घडते, त्यामुळे 'तपासणीत काही दिसत नाही' एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. येथे एक फरक मात्र आरंभीच लक्षात घ्यावा लागतो. अग्रत्वचेचे तोंडच अरुंद असल्यामुळे ती मागे सरकत नसेल तर त्या अवस्थेला फायमोसिस म्हणतात. ती वेगळी गोष्ट असून तिचा उपायही वेगळा आहे, जरी दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र आढळू शकतात.

अग्रत्वचा संभोगात फाटते हे निरीक्षण जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या यादीत 'अवपाटिका' नावाचा विकार येतो आणि त्याची कारणे म्हणून अरुंद योनीशी आवेगाने केलेला संभोग, हाताचा आघात, कातडी जोराने मागे खेचणे, मर्दन आणि दाब ही सांगितली आहेत. आजच्या दवाखान्यात रुग्णाने सांगितलेली हकिगतही बहुतेक याच कारणांभोवती फिरते. पहिल्यावहिल्या संभोगातील घाई, योनिमार्गातील अपुरा ओलावा, घट्ट किंवा कोरडा कंडोम आणि जोरकस हस्तमैथुन यांनी बंधावरचा ताण एका क्षणात वाढतो. ज्या बंधात ताणाला जागाच उरलेली नसते, तो आडवा चिरतो.

रक्त इतके का येते, याचे उत्तर बंधाच्या रचनेत आहे. या अरुंद घडीतून एक लहानशी रोहिणी जाते, आणि ताठरतेच्या वेळी सगळ्या अवयवातच रक्त दाबाखाली भरलेले असते. त्यामुळे जखम जेमतेम काही मिलिमीटरची असली तरी रक्त थेंबाथेंबाने न येता वाहते, क्वचित बारीक धारेने उडते, आणि रुमाल किंवा चादर पाहता पाहता लाल होते. हे दृश्य घाबरवणारे असले तरी जखमेची खोली आणि रक्ताचे प्रमाण यांचा येथे सरळ संबंध नसतो. बहुसंख्य वेळी ताठरता ओसरताच रक्ताचा जोर बराच कमी होतो आणि योग्य दाबाने ते थांबते.

या रक्ताशी जोडलेली एक सामाजिक गोष्टही नोंदवणे भाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री चादरीवर दिसलेले रक्त स्त्रीचेच असते असे आपल्याकडे गृहीत धरले जाते, आणि महाराष्ट्रातील काही समाजांत तर त्यावरून तिच्या चारित्र्याचा निवाडा करण्याची प्रथा असून त्या प्रथेविरुद्ध त्याच समाजांतील तरुणांनी आवाज उठवला आहे. प्रत्यक्षात ते रक्त पुरुषाच्या फाटलेल्या बंधाचे असू शकते, आणि उलट अनेक स्त्रियांना पहिल्या संभोगात मुळीच रक्त येत नाही. रक्त कोणाचे हे प्रकाशात शांतपणे जखम शोधली तर बहुधा कळते. ते न पाहता पुरुषाची जखम लपवली जाते आणि स्त्रीवर संशय वा अनावश्यक काळजी लादली जाते, ही दुहेरी हानी आहे.

जखम झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे ते थोडक्यात सांगता येते, पण त्यातला प्रत्येक शब्द पाळावा लागतो. संभोग तत्काळ थांबवून स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची घडी जखमेवर ठेवावी, आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत तो भाग घट्ट पण सोसवेल इतपत दाबून ठेवावा. घड्याळ लावून सलग दहा मिनिटे दाब द्यावा आणि मध्ये एकदाही उचलून पाहू नये, कारण जमू लागलेली रक्ताची गुठळी प्रत्येक वेळी उचलण्याने सुटते. येथे बहुतेकांकडून हीच चूक होते. दर मिनिटाला कापड काढून पाहणाऱ्यांचे रक्त बराच वेळ चालू राहते, तर न पाहता दाबणाऱ्यांचे बहुधा त्या एका दाबातच थांबते. दहा मिनिटांनी रक्त चालू असेल तर आणखी दहा मिनिटे दाबावे, आणि त्यानंतरही ते वाहत असेल तर वेळ न दवडता रुग्णालयात जावे. तिथे सुटलेली रक्तवाहिनी बारीक, विरघळणाऱ्या टाक्याने बांधली जाते. दोरा किंवा रबर बँड शिश्नाभोवती गुंडाळणे मात्र कधीही करू नये, कारण त्याने पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हळद, चुना, स्पिरिट किंवा अँटिसेप्टिक द्रावण थेट लावल्यास आग होते आणि नाजूक कातडी भाजू शकते. रक्त थांबलेली जखम साध्या पाण्याने हळुवार धुणे पुरते, आणि धुतल्यानंतर अग्रत्वचा आठवणीने पुढे आणावी लागते, कारण मागे अडकून राहिलेली अग्रत्वचा सुजून शिश्नमुंडाभोवती फास बनू शकते. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर रक्त थांबायला वेळ लागतो, आणि अशा व्यक्तीने मनाने औषध बंद न करता डॉक्टरांना लगेच कळवणे योग्य ठरते.

सगळेच रक्त बंधाचे नसते, आणि इतर कारणे ओळखणे बंधाच्या जखमेपेक्षा अधिक तातडीचे असू शकते. संभोगात 'कट' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, शिश्न सुजून काळे-निळे झाले, किंवा लघवीच्या छिद्रातून रक्त आले, तर ती शिश्नाच्या आतील तंतुमय आवरणाला झालेली, म्हणजे ज्याला सामान्य बोलीत शिश्नाचे 'फ्रॅक्चर' म्हणतात त्या प्रकारची इजा असू शकते, आणि तिला काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. वीर्यात मिसळलेले रक्त हेही वेगळे प्रकरण आहे. बंध फाटल्याची खूण म्हणजे खालच्या बाजूस, मूत्रद्वाराच्या मागे, स्पष्ट दिसणारी एक चीर. दुसरी गोष्ट म्हणजे उघडी जखम ही संसर्गालाही वाट असते. जोडीदाराची एचआयव्ही किंवा अन्य लैंगिक संसर्गाची स्थिती माहीत नसेल आणि कंडोम वापरलेला नसेल तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो, कारण एचआयव्ही टाळण्याचा २८ दिवसांचा औषधोपचार त्या मुदतीतच सुरू केला जातो. तसेच जिथे चीर नसून फोड, कडा उठलेला व्रण किंवा न दुखणारी गाठ दिसते, तिथे बंधाचा विचार मागे ठेवून आधी हर्पिस व सिफिलिस यांची तपासणी करावी लागते.

यानंतरची वाट दोन दिशांनी जाते, आणि या पुस्तकाचा मुख्य विषय त्या दुभाजणीत आहे. कधी बंध पूर्ण तुटतो, दोन्ही टोके आपापल्या जागी भरतात, आणि त्यामुळे ताण कायमचा निघून जाऊन त्रास बहुधा पुन्हा होत नाही. म्हणजे शरीराने स्वतःच ती शस्त्रक्रिया केलेली असते. अधिक वेळा मात्र चीर अर्धवट असते. तिच्या जागी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा वण तयार होतो, आणि वणाची कातडी मूळ कातडीइतकी लवचिक नसते. वरवर जखम दोन आठवड्यांत मिटलेली दिसली तरी आतील जोड तेव्हा कच्चा असतो व पक्का व्हायला महिने लागतात. या काळात संभोग झाला तर तीच चीर पुन्हा उघडते, दुसरा वण पहिल्यावर बसतो, बंध आणखी आखूड आणि ताठर होतो, आणि तिसऱ्या वेळी तो आणखी कमी ताणावर फाटतो. म्हणून पहिल्या फाटण्यानंतर सुमारे तीन ते चार आठवडे, आणि त्यानंतरही ताठरतेच्या वेळी दुखत असेल तोवर, संभोग व हस्तमैथुन थांबवणे हाच खरा उपचार असतो. पुढे पाण्याधारित जेलचा वापर करावा. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, म्हणून कंडोमसोबत ते वापरू नये.

वारंवार फाटण्यामागे नेहमी बंधच असतो असेही नाही. रक्तातील साखर वाढलेली असली की अग्रत्वचेवर बुरशीचा संसर्ग होऊन ती लाल, खाजरी आणि बारीक भेगांची होते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे हा संसर्ग अधिक संभवतो. पस्तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे होऊ लागले, तर शस्त्रक्रियेआधी रक्तशर्करा पाहणे शहाणपणाचे आहे. दुसरा विकार लायकेन स्क्लेरोसस हा असून त्यात कातडी पांढरी, कागदासारखी आणि आवळलेली होते. अशा कातडीवर केवळ बंध मोकळा करून भागत नाही, कारण आजार पसरत राहतो व तिथे स्टिरॉइड मलम किंवा सुंता, म्हणजे अग्रत्वचा काढण्याची शस्त्रक्रिया, यांचा विचार करावा लागतो.

हे सगळे वगळून झाल्यावर छोट्या शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो, आणि तिचे निकष रक्ताच्या प्रमाणाशी बांधलेले नसतात. पहिल्याच फाटण्यात कितीही रक्त आले तरी ते एकटे शस्त्रक्रियेचे कारण होत नाही. पुरेशी विश्रांती घेऊनही फाटणे पुन्हा पुन्हा घडते का, न फाटताही प्रत्येक ताठरतेत ओढ आणि वेदना होते का, आणि तपासणीत शिश्नमुंड वाकते का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे असतात. त्यांपैकी पहिल्याचे किंवा दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल आणि तिसऱ्याने त्याला दुजोरा मिळत असेल, तर शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो. ताजी, सुजलेली किंवा संसर्ग झालेली जखम असताना ती टाळून काही आठवडे थांबणे बरे असते, कारण सुजलेल्या ऊतीत टाके नीट धरत नाहीत.

शस्त्रक्रिया सहसा मूत्ररोगतज्ज्ञ किंवा सर्जन करतात. शिश्नाच्या मुळाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला जातो, आणि अर्ध्या तासात काम संपून रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. सर्वात साध्या प्रकारात बंध नुसता कापला जातो. अधिक प्रचलित प्रकाराला फ्रेन्युलोप्लास्टी म्हणतात आणि त्यात बंधावर आडवा छेद घेऊन तो उभ्या दिशेने शिवला जातो, म्हणजे रुंदीत असलेली कातडी लांबीत वळवली जाते आणि एकही तुकडा न काढता बंध लांबतो. आडवा छेद आडवाच शिवला तर काहीच साधत नाही, एवढ्यावरून या कृतीचे गमक कळते. वण जाड असेल तर तो कापून काढावा लागतो, किंवा झेड अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन ताण दोन दिशांत वाटून दिला जातो. टाके बारीक व विरघळणारे असतात. बंधाच्या अगदी खाली मूत्रनलिका असल्याने कातडीवर खोल विद्युत-डाग देणे टाळावे लागते, कारण त्या भागात नलिकेला भोक पडण्याचा धोका असतो. म्हणूनच ही कृती छोटी असली तरी घरी ब्लेडने किंवा अनधिकृत दवाखान्यात करून घेण्याजोगी नाही.

एका काल्पनिक पण सर्वसाधारण उदाहरणाने हा क्रम स्पष्ट होईल. सत्तावीस वर्षांच्या एका नवविवाहित पुरुषाला लग्नानंतर आठवड्याभरात संभोगात एकदम आग होऊन रक्त आले, आणि दाब दिल्यावर ते थांबले. आठ दिवसांनी संभोग होताच पुन्हा फाटले, आणि त्यानंतर तीन आठवडे थांबूनही तिसऱ्यांदा तेच झाले. तपासणीत अग्रत्वचा सहज मागे जात होती, कुठेही पांढरा चट्टा किंवा लालसरपणा नव्हता, रक्तशर्करा योग्य होती, परंतु बंधाच्या मधोमध एक जाड, पांढुरकी पट्टी होती आणि अग्रत्वचा मागे घेताच शिश्नमुंड खाली झुकत होते. येथे पुन्हा फाटण्याची कारणे दोन होती: दुसऱ्या वेळेची घाई आणि वणाने आखडलेला बंध. पहिले कारण विश्रांतीने गेले असते, दुसरे गेले नसते, आणि तिसऱ्या वेळी पुरेशा विश्रांतीनंतरही फाटल्याने दुसरे कारण सिद्ध झाले. त्याच्या बाबतीत वण काढून बंध उभा शिवण्याचा सल्ला योग्य होता. सुंता करण्याचे कारण नव्हते, कारण अग्रत्वचा निरोगी होती. हाच पुरुष पहिल्या फाटण्यानंतर आला असता तर त्याला शस्त्रक्रिया सुचवणे घाईचे ठरले असते.

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस थोडे रक्ताळणे, आठवडाभर सूज आणि रात्रीच्या नैसर्गिक ताठरतेच्या वेळी टाक्यांची ओढ अपेक्षित असते. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांत गळून पडतात. संभोग व हस्तमैथुन चार ते सहा आठवडे बंद ठेवावे लागते, आणि याच सूचनेकडे दुर्लक्ष झाल्याने टाका सुटणे, पुन्हा वण आणि पुन्हा आखूडपणा असे फेर सुरू होतात. वाढत जाणारी सूज, पू, ताप किंवा न थांबणारे रक्त ही डॉक्टरांकडे परतण्याची कारणे आहेत. बंध हा संवेदनशील भाग असल्याने संवेदना बदलण्याची थोडी शक्यता असते आणि ती आधी सांगितली गेली पाहिजे. काही मोजक्यांना पुढे सुंता करावी लागते, हेही लपवू नये. शीघ्रपतनावरचा हमखास उपाय म्हणून या शस्त्रक्रियेची जाहिरात केली जाते, पण त्यासाठीचा पुरावा तोकडा आहे. तिचा भरवशाचा लाभ एवढाच की आखूड बंधाची ओढ आणि त्यामुळे होणारे फाटणे थांबते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने लिहिली आहेत. आधी जखमेची ओळख आणि तातडीची काळजी, मग बरे होण्याचा काळ, त्यानंतर कातडीच्या आजारांची छाननी आणि शेवटी शस्त्रक्रियेचे प्रकार येतात. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण वाचकाला शस्त्रक्रियेच्या प्रकरणापर्यंत पोहोचण्याआधी आपले प्रकरण विश्रांतीने सुटणारे आहे की नाही याचा निर्णय करता यावा. डॉक्टरांकडे जाताना किती वेळा फाटले, प्रत्येक वेळी किती दिवस थांबले गेले, न फाटताही ओढ जाणवते का आणि कोणती औषधे चालू आहेत, या चार गोष्टी सांगता आल्या तर तपासणी थोडक्यात आटोपते. आणि या उत्तरांपैकी एक, म्हणजे किती दिवस थांबले गेले, पती-पत्नी दोघांच्या हातात असल्याने ही माहिती जोडीदारापासून लपवून ठेवली तर उपचार अर्ध्यावरच अडतो.